शासनाचे अपकृत्य दायित्व (भारत)

सरकारी नोकराच्या हलगर्जीपणाने किंवा गैरकृत्याने कोणाचे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची सरकारची जबाबदारी. ‘राजाच्या हातून चूक होत नाही’ या इंग्लिश कायद्यातील समजुतीतून आलेली सार्वभौम उन्मुक्ती, म्हणजे राजसत्तेला अशा दाव्यांपासून मिळणारी सूट, या जबाबदारीच्या आड येई. इंग्लंडने १९४७ च्या कायद्याने ती बहुतांशी मोडीत काढली. भारतात तसा कायदा झाला नाही. संविधानाचा अनुच्छेद ३०० याबाबत जुन्या कायद्यांकडे बोट दाखवतो आणि ती साखळी थेट ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत जाते. त्यामुळे १८६१ च्या एका निकालातील भेद टिकून राहिला: व्यापारी किंवा खासगी माणूसही करू शकेल अशा कामातील चुकीला सरकार जबाबदार, राजसत्तेच्या कामातील चुकीला नाही.

हा भेद किती अन्यायकारक ठरू शकतो, हे ‘कस्तुरीलाल’ खटल्यात दिसते. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या सराफी पेढीचा एक भागीदार मेरठला आला असता पोलिसांनी त्याला संशयावरून पकडले. जवळचे सोने-चांदी जप्त झाले. दुसऱ्या दिवशी तो सुटला, चांदीही परत मिळाली. शंभर तोळ्यांहून अधिक सोने मात्र कोषागारात न ठेवता पोलीस मालखान्यात ठेवले होते. तिथल्या हेड कॉन्स्टेबलने ते लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. तरीही अटक आणि जप्ती ही राजसत्तेची कामे, म्हणून पाच न्यायाधीशांच्या पीठाने भरपाई नाकारली. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांना स्वतःलाच हा निष्कर्ष खटकला होता. संसदेने कायदा करावा, असे त्यांनी निकालातच लिहिले. १९६० च्या दशकात विधेयके आली, पण संमत झाली नाहीत.

खरे तर या निकालाआधी, १९६२ मध्येच, दुरुस्तीहून परत आणल्या जाणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या जीपने पादचारी दगावला तेव्हा, याच न्यायालयाने राजस्थान सरकारला जबाबदार धरले होते. वारसांच्या हाती भरपाई पडणार की नाही, हे चुकीच्या गंभीरतेवर नव्हे, तर चूक करणारा त्या वेळी कोणत्या कामावर होता यावर ठरू लागले.

पुढे न्यायालयाने वेगळी वाट धरली. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना १९८३ मध्ये रिट याचिकेतच, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जातच, भरपाई मिळाली. पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दलच्या नीलाबती बेहेरा प्रकरणात (१९९३) कारण स्पष्ट झाले: हे दायित्व मूलभूत हक्काच्या भंगातून येते, म्हणून इथे उन्मुक्तीचा बचाव चालत नाही. १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने तो बचाव दिवाणी दाव्यातही अरुंद केला. जप्त केलेले खत आणि धान्य सरकारी ताब्यात सडले होते. त्याची भरपाई राज्याला द्यावी लागली.

कस्तुरीलालचा प्रभाव उरला नाही, असे नंतरच्या निकालांनी म्हटले. पण ती पीठे पाचांहून लहान असल्याने तो निकाल औपचारिकपणे रद्द झालेला नाही. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा हक्क उघड मोडला असेल, तर रिटची वाट मोकळी आहे. वस्तुस्थितीच वादात असेल, तर मात्र पुरावे देत दिवाणी दावाच लढवावा लागतो.