सटीप संदर्भसूची : सहावी ते आठवीतील छळ-प्रतिबंध कार्यक्रम

शाळेतील बुलिंग, म्हणजे मुलांनी मुलांचा केलेला छळ, रोखण्याच्या कार्यक्रमांवरील निवडक संशोधनाची ही यादी असते आणि तिच्यातील प्रत्येक संदर्भाखाली १०० ते २०० शब्दांची टीप जोडलेली असते. गोव्यात एम.एड. किंवा समाजकार्याच्या अभ्यासक्रमात प्रबंधाआधी अशी यादी उपयोगी पडते. निव्वळ सारांशांची माळ ओवली की ती फसते. टिपेने सारांशापुढे जाऊन पुराव्याचे वजन सांगायचे असते.

सुरुवातीला एक परिच्छेद व्याप्तीचा असतो. कोणते इयत्ता-गट घेतले, कोणत्या वर्षांतले लेख पाहिले, कार्यक्रम न मिळालेल्या मुलांचा तुलनागट नसलेले अभ्यास वगळले की ठेवले, हे त्यात येते. अमेरिकी ‘मिडल स्कूल’ बहुधा सहावी ते आठवीचे, म्हणजे ११ ते १४ वर्षांच्या मुलांचे. गोव्यातली मुले चौथीनंतर हायस्कूलमध्ये जातात आणि पाचवी ते दहावीचे वर्ग बहुधा एकाच इमारतीत भरतात. त्यामुळे शाळेच्या नावावरून गट ठरवू नये. प्रत्येक नोंदीत वय लिहावे. वयाचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. येगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची वयानुसार फेरमांडणी केली. सातवीपर्यंत कार्यक्रमांचा सरासरी परिणाम दिसला. आठवीपासून तो जवळजवळ नाहीसा झाला. लहान मुलांवरचे यश आठवीच्या वर्गाला परस्पर लावून टाकणे ही या विषयात सहज होणारी चूक आहे.

मुख्य भागात नोंदी लेखकाच्या आडनावानुसार लावतात, पण वीसेक नोंदींच्या वर यादी गेली की पुराव्याच्या प्रकारानुसार विभाग पाडलेले बरे : आधी एकत्रित आढावे, मग यादृच्छिक चाचण्या, मग इतर मूल्यमापने. आडनावांचा क्रम मग त्या-त्या विभागात पाळायचा.

टीप कशी बांधावी हे एका नोंदीवरून नीट दिसते. एस्पेलाज व सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास ‘सेकंड स्टेप’ या कार्यक्रमाचा आहे. टिपेचे पहिले वाक्य रचना सांगते : ३६ मिडल स्कूल, सहावीची ३,६१६ मुले, कार्यक्रम कोणत्या शाळांना द्यायचा याची यादृच्छिक निवड. दुसरे वाक्य हस्तक्षेपाचे : शिक्षकांनी वर्गात घेतलेले १५ धडे. तिसरे निष्कर्षाचे, आणि घसरण होते ती इथेच. वर्षाअखेर कार्यक्रमाच्या शाळांतील मुलांनी शारीरिक आक्रमकता केल्याचे सांगण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी कमी होती. घाईत वाचणारा लिहितो, ‘बुलिंग ४२ टक्क्यांनी घटले’. प्रत्यक्षात शाब्दिक व नातेसंबंधांतील छळात, किंवा छळ सोसण्यात, लक्षणीय फरक आढळला नव्हता. बुलिंगचे संशोधक ओल्वेयस यांच्या प्रचलित व्याख्येप्रमाणे बुलिंगमध्ये हेतू, पुनरावृत्ती आणि बलाचा असमतोल असे तिन्ही लागतात. एकदाची मारामारी त्यात बसत नाही. म्हणून टिपेत ‘काय मोजले’ हे लेखाच्या शीर्षकावरून नव्हे, प्रश्नावलीच्या वर्णनावरून उतरवावे. शेवटची दोन वाक्ये मूल्यमापनाची : उत्तरे मुलांनी स्वतः दिलेली आहेत आणि काळ एकाच वर्षाचा आहे.

आढाव्यांच्या विभागात वेगळीच अडचण येते. टोफी व फॅरिंग्टन यांच्या २०११ च्या आढाव्यात ४४ मूल्यमापने होती आणि छळ करणे २० ते २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. गॅफ्नी यांच्यासह त्याच लेखकांनी २०१९ मध्ये १०० मूल्यमापने घेतली, तेव्हा ही घट १९ ते २० टक्के आली. नवा आढावा जुन्याचाच विस्तार असल्याने हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. टिपेत तसे स्पष्ट लिहावे, नाहीतर नॉर्वेच्या बर्गन शहरातला एकच अभ्यास मूळ नोंदीत, मग दोन्ही आढाव्यांत, असा तीनदा मोजला जातो. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनीच मूल्यमापन केले असेल तर तेही नोंदवावे. बर्गनचा अभ्यास ओल्वेयस यांचाच होता.

भारतीय पुराव्याचा विभाग लहानच राहतो. त्यात ‘सेहर’ ही चाचणी हवीच : गोव्यातील ‘संगथ’ संस्थेशी जोडलेली, पण झाली बिहारच्या नालंदा जिल्ह्यात, आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली. प्रशिक्षित बिगर-व्यावसायिक समुपदेशकांनी राबवलेल्या शाळांत बुलिंग घटले. तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला तिथे फायदा दिसला नाही. संस्था घरची म्हणून ही नोंद मुख्य पुराव्यात बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुले नववीची होती, आणि कार्यक्रम नुसत्या बुलिंगपुरता नव्हता, साऱ्या शालेय वातावरणासाठी होता. ती ‘अप्रत्यक्ष पुरावा’ या शीर्षकाखाली ठेवून, सहावी ते आठवीसाठी तिच्यातून कार्यक्रम कोणी राबवावा एवढाच प्रश्न घ्यावा.