सोयाबीनची गाडी गोदामाच्या फाटकावर: तपासणी पत्रक कसे भरावे आणि कोणती कागदपत्रे लागतात

परतीच्या पावसानंतर वाशीम, यवतमाळ, अमरावती भागातील शेतकरी उत्पादक कंपन्यांचा सोयाबीन गोदामांकडे निघतो, तेव्हा तो तिथे स्वीकारला जाईल की परत जाईल, याचा निर्णय फाटकावर भरल्या जाणाऱ्या एका आवक तपासणी पत्रकावर होतो. गोदाम पावतीवर जे वजन आणि जी प्रत लिहिली जाते, ती याच पत्रकावरून उचलली जाते, आणि बँक तारण कर्ज देताना पावतीच पाहते. त्यामुळे पत्रकातील प्रत्येक रकाना गाडी आत येण्यापूर्वी समजून घेणे माल ठेवणाऱ्याच्या हिताचे आहे.

माल शेतकरी स्वतः, शेतकरी गट, उत्पादक कंपनी किंवा व्यापारी यांपैकी कोणीही ठेवू शकतो. मात्र तो कोणाच्या नावाने ठेवायचा आहे, हे आधी ठरलेले असावे. शेतकऱ्याने आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि पीक पेऱ्याची नोंद असलेला चालू वर्षाचा सातबारा जवळ ठेवावा. कंपनीच्या मालासोबत कंपनीचे अधिकारपत्र, पोत्यांची संख्या आणि वजन लिहिलेले चलन व वाहतूकदाराची बिल्टी लागते, आणि माल बाजार समितीत खरेदी केलेला असल्यास तिथली पावतीही जोडावी लागते. चलनावरील पोत्यांचा आकडा आणि बिल्टीवरचा आकडा एकच असला पाहिजे, कारण हे दोन कागद जुळत नसतील तर गाडी फाटकावरच थांबते आणि तो दिवस वाया जातो.

पत्रकाचा पहिला भाग गाडीचा असतो. त्यात वाहन क्रमांक, चालकाचे नाव व परवाना क्रमांक, येण्याची वेळ, ताडपत्रीची अवस्था आणि सील क्रमांक लिहितात. बंद गाडीच्या दाराला सील असते. उघड्या ट्रकला ताडपत्री आवळलेल्या दोरीच्या शेवटच्या गाठीवर क्रमांकाची पट्टी लावतात. सील तोडण्यापूर्वी क्रमांक चलनाशी ताडून पाहावा, त्याचा फोटो घ्यावा, चालकासमोर ते कापावे आणि कापलेला तुकडा लिफाफ्यात घालून पत्रकाला जोडावा. क्रमांक जुळत नसेल किंवा सील आधीच तुटलेले असेल, तर माल उतरवू नये; पाठवणाऱ्याला कळवून त्याचा प्रतिनिधी येईपर्यंत गाडी थांबवावी आणि नंतर एकूण एक पोते मोजून व तोलून घ्यावे. सील शाबूत आहे म्हणजे वाटेत माल काढला गेला नाही, एवढेच त्यावरून समजते. माल ओला झाला की नाही, हे सील सांगत नाही, म्हणून ताडपत्रीचा रकाना कधीही कोरा सोडू नये.

नमुना काढणे हा या कामाचा गाभा आहे आणि वादही इथेच होतात. सर्वसाधारण प्रघात असा आहे की 10 पर्यंत पोती असतील तर सगळ्यांतून, 100 पर्यंत असतील तर कोणत्याही 10 पोत्यांतून, आणि त्याहून जास्त असतील तर एकूण संख्येच्या वर्गमुळाइतक्या पोत्यांतून नमुना घ्यावा. पोती फाळक्याजवळची, मधली, केबिनलगतची आणि तळाची अशी सगळीकडून निवडावीत. हाताला लागतील तेवढ्याच पोत्यांना परखी मारली, तर गाडीची फक्त वरची बाजू तपासली जाते. ओलावा मोजण्याचे यंत्र सोयाबीनच्याच क्रमांकावर लावलेले आहे ना, हे माल ठेवणाऱ्याने स्वतः पाहावे. हरभऱ्याच्या क्रमांकावर मोजलेल्या सोयाबीनचा आकडा विश्वासार्ह नसतो. उन्हात तापलेला नमुनाही थोडा वेळ सावलीत ठेवूनच मोजावा.

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते, काही हंगामांत सरकारने ती शिथिलही केली आहे. साठवणुकीसाठी मात्र गोदामे साधारण 12 टक्केच धरतात, कारण तेलबिया असलेला हा दाणा थप्पीत ओला राहिला की तापतो, बुरशी धरतो आणि शेजारची पोतीही बिघडवतो.

आता एक उदाहरण पाहू. समजा, कारंजा तालुक्यातून 200 पोत्यांची गाडी आली असून चलनावर दाण्याचे वजन 10,100 किलो आहे. भरलेल्या गाडीचे वजन 16,420 किलो आणि सगळी पोती उतरवल्यावर रिकाम्या गाडीचे 6,210 किलो भरले. ताडपत्री, जादा चाक आणि चालक दोन्ही वेळी सारखेच होते, हे पाहून घेतले. फरक 10,210 किलो आला. दहा रिकामी पोती तोलली, ती 6 किलो भरली. म्हणजे 200 पोत्यांचे 120 किलो वजा जाता दाणा 10,090 किलो राहिला, चलनापेक्षा 10 किलो कमी. काटाच 10 किलोच्या टप्प्याने दाखवत असल्याने ही तूट शेऱ्यात लिहून पुढे जाता येते.

नमुन्यासाठी 15 पोती निवडली. तेरा पोत्यांतील ओलावा सरासरी 11.3 टक्के निघाला; फाळक्याजवळच्या दोन पोत्यांत मात्र 14.3 आणि 14.9 निघाला. सगळे नमुने आधीच एकत्र करून मोजले असते, तर आकडा 11.7 च्या आसपास आला असता आणि संपूर्ण गाडी पास झाली असती. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की नमुने मिसळण्यापूर्वी प्रत्येक पोत्याचा ओलावा पोते क्रमांकासह लिहावा. पत्रकाच्या पहिल्या भागात ताडपत्री मागच्या डाव्या कोपऱ्यात फाटलेली असल्याची नोंद होती. त्यावरून त्या बाजूची 24 पोती वेगळी काढून एक-एक तपासली, तेव्हा 18 पोती मर्यादेबाहेर आणि 6 मर्यादेत निघाली.

नाकारलेली 18 पोती छोट्या काट्यावर 936 किलो भरली. पोत्यांचे साधारण 11 किलो वजा केल्यावर नाकारलेला दाणा 925 किलो, आणि स्वीकारलेला 182 पोती, 9,165 किलो. हीच दोन वजने पत्रकाच्या शेवटच्या भागात अंकी व अक्षरी लिहितात. नाकारलेली पोती पुन्हा चढवून गाडी काट्यावरून बाहेर काढली की तिचे वजन 7,150 च्या आसपास यायला हवे. तसे आले नाही, तर फाटक सोडण्यापूर्वी पोती परत मोजावीत.

स्वीकारलेल्या पोत्यांचे नमुने मिसळून, ढिगाचे चार भाग करत तो लहान करावा आणि तीन पिशव्यांत सील करावा: एक माल ठेवणाऱ्याकडे, एक गोदामाकडे आणि एक वाद झाल्यास तपासणीसाठी. तिन्ही पिशव्यांवर दोघांच्या सह्या असाव्यात.

नाकारलेल्या पोत्यांसाठी कारण, पोते क्रमांक आणि ओलाव्याचे आकडे लिहिलेली वेगळी पावती मागून घ्यावी; ‘माल खराब’ एवढा तोंडी शेरा पुरेसा मानू नये. माल उन्हात वाळवून, चाळून आणल्यावर ही पावती नव्या चलनाला जोडली की तो नवीन आवक म्हणून तपासला जातो. अशा वेळी पोती कमी असल्याने नमुना आधीपेक्षा दाट घेणेच योग्य, आणि वाळल्यामुळे घटलेले वजन नव्या पत्रकात नव्याने लिहिले जाते. जुन्या 925 किलोशी ते जुळवण्याची गरज नसते.