कीमॅन विमा: अंडररायटरला विमा रक्कम कशी पटवून द्यावी
(नवउद्योगांच्या संस्थापकांसाठी माहितीपत्रक)

कीमॅन विम्यात पॉलिसी कंपनीची असते, हप्ता कंपनी भरते आणि दाव्याची रक्कमही कंपनीलाच मिळते; आयुष्य मात्र संस्थापकाचे विमित असते. त्यामुळे विमा कंपनीच्या वतीने प्रस्ताव तपासणाऱ्या अंडररायटरला त्या व्यक्तीच्या कुटुंबाची गरज मोजायची नसते, तर ती व्यक्ती नसल्यास कंपनीचे किती रुपयांचे आणि किती काळ नुकसान होईल, हे मोजायचे असते. आमच्याकडे येणारे बहुतेक प्रस्ताव अडतात ते याच ठिकाणी, कारण संस्थापक गुंतवणूकदाराने केलेल्या मूल्यांकनावरून रक्कम मागतात. मूल्यांकन म्हणजे पुढच्या अनेक वर्षांच्या अपेक्षांची किंमत. ते विम्याने भरून काढण्याजोगे नुकसान नव्हे.

विमा कंपन्या साधारणपणे तीन आकडे तपासतात: संस्थापकाच्या वार्षिक पगाराच्या दहापट, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी ढोबळ नफ्याच्या तिप्पट आणि सरासरी निव्वळ नफ्याच्या पाचपट. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे असतात, पण हे आकडे कमाल मर्यादा दाखवतात. त्या मर्यादेच्या आत नेमकी कोणती रक्कम योग्य, हे प्रस्तावासोबतच्या पत्रात संस्थापकाने स्वतः मांडावे लागते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. भोसरीतील एक कंपनी वाहनांच्या सुट्या भागांतील दोष कॅमेऱ्याने शोधणारी यंत्रणा बनवते. संस्थापकाचा वार्षिक पगार 30 लाख रुपये आहे. लेखापरीक्षित ढोबळ नफा तीन वर्षांत अनुक्रमे 60 लाख, 1.10 कोटी आणि 1.60 कोटी रुपये झाला. निव्वळ नफा मात्र पहिली दोन वर्षे नव्हताच, त्यामुळे तो निकष इथे उपयोगाचा नाही. पगाराच्या निकषाने मर्यादा 3 कोटी येते आणि ढोबळ नफ्याच्या निकषाने 3.30 कोटी. संस्थापकाने 15 कोटी मागितले, तर अंडररायटर पुढचे कागद वाचण्याआधीच थांबेल.

आता नुकसान मांडू. संस्थापकाच्या जागी नवा तंत्रप्रमुख शोधून तो कामात रुळेपर्यंत 18 महिने लागतील असे धरले. आधीच्या वरिष्ठ अभियंत्यांच्या नेमणुकांना प्रत्यक्ष किती वेळ लागला, याची कागदपत्रे सोबत जोडली की हा अंदाज नुसता अंदाज राहत नाही. बाजारात असा माणूस वार्षिक 50 लाखांना मिळतो. म्हणजे संस्थापकाच्या पगारापेक्षा वर्षाला 20 लाख जास्त, 18 महिन्यांचे 30 लाख, आणि माणूस शोधून देणाऱ्या संस्थेचे शुल्क 10 लाख. शेवटच्या वर्षाच्या ढोबळ नफ्यातील 60 टक्के भाग ज्या ग्राहकांकडून येतो, त्यांच्या यंत्रणा संस्थापकाच्याच हाताखाली जुळवल्या जातात; तो भाग वर्षाला 96 लाख, तर 18 महिन्यांचा 1.44 कोटी होतो. इथे पुढच्या वर्षाचे अपेक्षित आकडे वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा.

बँकेचे 90 लाखांचे कर्ज संस्थापकाच्या वैयक्तिक हमीवर आहे. ते सगळे जोडले, तर एकच नुकसान काही अंशी दोनदा मोजले जाते, कारण 18 महिन्यांत फिटणारे 30 लाख मुद्दल याच ढोबळ नफ्यातून फेडायचे होते आणि तो नफा आपण आधीच धरला आहे. म्हणून कर्जापोटी 60 लाखच घ्यावेत. एकूण बेरीज 2.44 कोटी रुपये होते आणि ती दोन्ही मर्यादांच्या आत बसते.

पत्रातले मुख्य वाक्य असे असू शकते: "ही रक्कम कंपनीच्या मूल्यांकनावर आधारलेली नसून, माझ्या पश्चात 18 महिन्यांत कंपनीला सोसाव्या लागणाऱ्या खर्चावर व नफ्यातील घटीवर आधारलेली आहे, प्रत्येक आकड्याचा आधार सोबत जोडला आहे." आधार म्हणजे लेखापरीक्षित ताळेबंद व नफातोटा पत्रके, आयकर विवरणपत्रे, बँकेचे कर्जमंजुरी पत्र, ग्राहकनिहाय विक्रीचा सनदी लेखापालाने प्रमाणित केलेला तक्ता आणि संचालक मंडळाचा ठराव.

भागधारणेचीही चौकशी होते. संस्थापकाकडे 51 टक्के किंवा अधिक भाग असतील, किंवा कुटुंबासह 70 टक्क्यांच्या वर जात असतील, तर बहुतेक कंपन्या कीमॅन विमा देत नाहीत, कारण तिथे कंपनीचे हित आणि व्यक्तीचे हित वेगळे काढता येत नाही. दुसऱ्या सहसंस्थापकावर आधीच कीमॅन पॉलिसी असेल तर ती न विचारता सांगावी. नफ्यावर आधारलेली मर्यादा पूर्ण कंपनीची असते, माणसागणिक नवी मिळत नाही.

पत्रातील आकडे प्रस्तावाचाच भाग मानले जातात. विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार पॉलिसीच्या पहिल्या तीन वर्षांत लपवलेल्या किंवा चुकीच्या माहितीवरून विमा कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. मिळालेली दाव्याची रक्कम कंपनीच्या करपात्र उत्पन्नात धरली जाते, हे लक्षात आल्यावर काही संस्थापक कराइतकी रक्कम वाढवून मागतात; आम्ही तसे करायला सांगत नाही, कारण ती वाढ नुकसानीच्या मांडणीत दाखवता येत नाही. पुढच्या लेखापरीक्षित ताळेबंदात नफा वाढलेला असेल, तेव्हा त्या आकड्यांवर जादा रकमेसाठी नवा प्रस्ताव आणि नवी वैद्यकीय तपासणी करावी.