माहेरी गेली म्हणजे सोडून गेली का? डेझर्शन आणि क्रुएल्टीच्या पुराव्यामागची पार्श्वभूमी

"दोन वर्षं झाली ती माहेरीच आहे, मग डिव्होर्स मिळणारच ना?" हे इतक्या खात्रीने विचारतात लोक. पण नुसतं वेगळं राहणं म्हणजे कायद्यातला परित्याग, म्हणजेच डेझर्शन, नाही, आणि हे ठरलं ते मुंबईच्या एका जुन्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने 1956 ला निकाल दिला होता.

ती केस हिंदू विवाह कायद्याखालची नव्हती, 1947 च्या मुंबई प्रांताच्या घटस्फोट कायद्याखालची होती आणि त्यात सोडून जाण्याची मुदत 4 वर्षं होती. लग्न 1942 चं, एक मुलगा. नवरा 1947 च्या जानेवारीत इंग्लंडला गेला, मागे बायकोने एका मित्राला लिहिलेलं पत्र सासऱ्यांच्या हातात पडलं, नवरा मे मध्ये परत आला, जाब विचारला आणि 24 मे ला ती जळगावला वडिलांकडे निघून गेली. जुलैमध्ये नवऱ्याने सॉलिसिटरमार्फत नोटीस दिली, त्यात आरोप होते, मुलगा परत पाठवा असं होतं, आणि हिला यापुढे ठेवून घ्यायचं नाही असंही होतं. मग 1951 मध्ये दावा, की ती मला 4 वर्षांपेक्षा जास्त सोडून गेलीये.

पहिल्या कोर्टात नवरा जिंकला. हायकोर्टाने ते उलटवलं आणि सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचंच कायम ठेवलं. कारण कोर्ट म्हणालं दोन गोष्टी लागतात, एक वेगळं राहणं आणि दुसरी म्हणजे संसार कायमचा मोडायचा इरादा, आणि हा इरादा पूर्ण मुदतभर टिकलेला दिसला पाहिजे. इथे ती लाजेने गेली असेल, चूकही तिची असेल, पण तिच्या माहेरच्यांनी तिला परत नांदायला पाठवायचे प्रयत्न केले होते आणि नवऱ्यानेच "पाठवू नका" अशी तार केली होती. म्हणजे दार त्याने लावलं! त्याची स्वतःची नोटीस आणि तारच त्याच्या विरोधात गेली, आणि माझ्या मते या केसमधली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सुरुवातीला क्रूरता आणि परित्याग यावर थेट डिव्होर्स नव्हताच, फक्त ज्युडिशियल सेपरेशन मिळायचं, म्हणजे लग्न न मोडता कोर्टाच्या हुकमाने वेगळं राहणं. 1976 च्या दुरुस्तीने दोन्ही कारणं कलम 13 मध्ये आली. परित्यागाची मुदत पिटीशन टाकायच्या लगेच आधीची सलग 2 वर्षं, त्यामुळे मध्ये खरंच पुन्हा एकत्र संसार सुरू झाला असेल तर मोजणी नव्याने करावी लागते. आणि वेगळं राहायला योग्य कारण असेल, म्हणजे मारहाण होत होती म्हणून बाहेर पडली, तर तो परित्याग धरत नाहीत.

क्रूरतेचं वळण आलं पुण्याच्या दास्ताने केसमध्ये, 1975, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांचा निकाल. तोपर्यंत पुरावा फौजदारी खटल्यासारखा, संशयाला जागा नको इतका कडक हवा असं मानणारे होते. कोर्टाने सांगितलं तसं नाही, कुठली बाजू जास्त संभाव्य वाटते एवढं तोलायचं. बायकोचं वागणं क्रूरतेत बसतं असंही मानलं. आणि तरी नवरा हरला, कारण त्या सगळ्यानंतरही दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिले होते, मूलही झालं, म्हणजे त्याने ते माफ केलं असं धरलं गेलं. कलम 23 मध्ये ही माफीची अट अजून आहे, आणि प्रतिवादीने मुद्दा काढला नाही तरी कोर्टाला ती तपासावीच लागते.

म्हणून आज पिटीशनमध्ये "सतत मानसिक छळ करते" एवढंच लिहिलं तर उलटतपासणीत टिकत नाही. कधी, कुठे, काय बोललं, समोर कोण होतं, हे लागतं. भांडण झालं त्या रात्री घरात असलेली बहीण साक्षीला चालते, नातेवाईक म्हणून साक्ष आपोआप बाद होत नाही, पण ऐकीव सांगणाऱ्या काकांचा फार उपयोग नसतो. दवाखान्याचे कागद, पोलिसांकडची एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार, त्याच काळातले मेसेज यांना वजन जास्त कारण ते भांडण कोर्टात यायच्या आधीचे असतात. मेसेज फोनमधून काढून प्रिंट दिली तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट मागतात, फॅमिली कोर्टाला 1984 च्या कायद्याने पुराव्याच्या नियमात थोडी मोकळीक आहे तरी वकील ते जोडतातच. नवरा-बायकोचं चोरून केलेलं कॉल रेकॉर्डिंग चालतं का यावर बरीच वर्षं वाद होता, जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पुरावा म्हणून घेता येतं असं म्हटलं, अर्थात आवाज त्यांचाच आहे आणि मध्ये कापाकापी नाही हे दाखवावं लागतंच.

परित्यागात मात्र अजून तीच जुनी तार शोधली जाते, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. तिने "घ्यायला ये" लिहिलंय आणि त्याने निळी टिक करून सोडून दिलंय, किंवा "येऊच नकोस" म्हटलंय, तर 2 वर्षं पूर्ण झाली तरी सोडून कोण गेलं हा प्रश्न त्यालाच विचारला जातो.