कार स्टिरिओ: कॉल येतो पण गाणं येत नाही

फोन कारला ब्लूटूथनं जोडलेला, कॉल आला की आवाज स्पीकरमधून खणखणीत, पण गाणं लावलं की ते फोनमध्येच वाजतं. निपाणी, चिकोडी, खानापूर भागात सेकंडहँड गाड्या फिरवणाऱ्यांकडून ही तक्रार येते, आणि बरेचजण लगेच स्टिरिओ बदलायचा विचार करतात, त्याआधी हे वाचा.

ब्लूटूथचं कनेक्शन दिसायला एकच असलं तरी आत वाटा वेगळ्या असतात, त्यांना प्रोफाइल म्हणतात. कॉलसाठी एचएफपी, त्यात एकाच चॅनलचा आवाज, फक्त बोलण्यापुरता. गाण्यासाठी ए२डीपी, त्यात स्टिरिओ आवाज. एक वाट चालू नि दुसरी बंद असं सहज होऊ शकतं, म्हणून कॉल येतोय म्हणजे गाणंही आलंच पाहिजे असं नसतं.

अँड्रॉइडमध्ये बघायचं कुठं तर ब्लूटूथच्या यादीत कारच्या नावाखाली, तिथं बऱ्याच फोनवर Connected सोबत no media असं लिहून येतं. नावाशेजारच्या गिअरवर दाबलं की Phone calls आणि Media audio अशी वेगवेगळी बटणं दिसतात (काही कंपन्यांच्या फोनवर नावं थोडी वेगळी), त्यातलं दुसरं चालू करायचं. पेअरिंग करताना कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्ट्रीची परवानगी विचारतात त्याचा गाण्याशी काही संबंध नाही, ती नाकारली तरी गाणं वाजतं. आयफोनमध्ये अशी वेगळी बटणं नाहीत, तिथं कंट्रोल सेंटरमधून आवाज कुठं जाणार ते निवडायचं.

निपाणीच्या एका काकांचं मात्र Media audio चालू केलं की दोन-तीन सेकंदात आपोआप बंद व्हायचं. "फोनच बिघडलाय बघ," म्हणत होते. कारण निघालं काकूंच्या पर्समध्ये! त्यांचा फोनही त्याच कारला आधी जोडलेला होता, आणि त्या स्टिरिओत कॉल दोन फोनचे चालतात पण गाण्याला जागा एकाच फोनची, ती काकूंच्या फोननं धरून ठेवलेली. स्टिरिओच्या फोन यादीत संगीताची खूण त्यांच्या नावापुढे दिसत होती, ती काढून काकांच्या फोनला दिली आणि बटण टिकलं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे गाडीतल्या बाकी सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करून बघायचं.

एवढ्यानंही जमलं नाही तर पेअरिंग दोन्हीकडून पुसायचं, फोनमधून Forget आणि स्टिरिओमधूनही डिलीट, कारण एकाच बाजूनं पुसलं तर दुसरीकडे जुनी नोंद तशीच राहते आणि पुन्हा जोडताना अडतं. मग नव्यानं जोडून स्टिरिओचा सोर्स रेडिओवरून ब्लूटूथ ऑडिओवर आणायचा, आणि गाणं चालू असतानाच आवाज वाढवायचा कारण कॉलचा व्हॉल्यूम वेगळा असतो.

काही जुन्या गाड्यांच्या स्टिरिओत ए२डीपी मुळातच नसतं, फक्त कॉलची सोय, तिथं कुठलंही सेटिंग चालत नाही आणि ऑक्सची वायर लावावी लागते.