एन्डोकार्डायटिस: निदान शवागारातून बाटलीत कसं आलं

हार्टच्या झडपेला जंतू लागला हे आज आपण रिपोर्ट बघून पटकन बोलून टाकतो, पण तो पेशंट जिवंत असताना खात्रीनं सांगता येणं ही गोष्ट फार जुनी नाहीये. विल्यम ऑस्लरनी १८८५ ला लंडनमध्ये या आजारावर व्याख्यानं दिली, त्यावेळी शेवटची खात्री व्हायची ती पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर. झडपेवर जंतू, प्लेटलेट आणि गुठळी यांचा जो गोळा साचतो त्याला आपण व्हेजिटेशन म्हणतो, तो तेव्हा डोळ्यांनी बघायचा दुसरा रस्ताच नव्हता.

पहिला रस्ता निघाला रक्तातून. १९११ च्या फेब्रुवारीत संगीतकार गुस्ताव माहलर न्यूयॉर्कमध्ये तापानं पडले होते, लिबमन नावाच्या डॉक्टरला शंका आली आणि त्याचा तरुण सहकारी जॉर्ज बेअर सामान घेऊन थेट हॉटेलवर गेला. दंडाच्या शिरेतून २० सीसी रक्त काढलं, थोडं जंतू वाढवायच्या ब्रॉथमध्ये घातलं, उरलेलं वितळलेल्या अगारमध्ये मिसळून प्लेटमध्ये ओतलं, चार-पाच दिवसांत स्ट्रेप्टोकोकसच्या कॉलनीच कॉलनी. निदान पक्कं झालं, औषध मात्र नव्हतं, मे महिन्यात माहलर गेले. मला यातला सगळ्यात भारी आकडा तो २० सीसीचा वाटतो, कारण शंभर वर्षांनंतरही आमच्याकडं फॉर्मवर 'ब्लड कल्चर' लिहून ३ सीसीची बाटली येते.

आता एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला असलेला ३२ वर्षांचा गडी. लहानपणी रुमॅटिक तापात सांधे सुजले होते, तेव्हापासून मायट्रल झडप थोडी गळते. अठरा दिवस ताप, संध्याकाळी १०१-१०२ जातोय. आधी एका ठिकाणी सलाईन आणि पाच दिवस अँटिबायोटिक, ताप उतरला, गोळ्या संपल्या की तिसऱ्या दिवशी परत आला. ही उतरून परत येणारी चाल मला नेहमी खटकते, कारण झडपेतला जंतू व्हेजिटेशनच्या आत लपलेला असतो, अर्ध्या कोर्सनं रक्त तेवढं साफ होतं. तळव्यावर न दुखणारे दोन लाल डाग, एक किडकी दाढ. छातीवरून केलेल्या इकोत झडप जाड दिसतेय पण जुन्या रुमॅटिक झडपेवर नक्की काय बसलंय ते कळेना.

सोबत एका बाटलीचा रिपोर्ट होता, कातडीवर राहणारा स्टॅफ नावाचा जंतू. आईनं विचारलं, "डॉक्टर, रक्तात जंतू सापडलाय म्हणत्यात, मग औषध का चालू करत नाहीसा?" प्रश्न बरोबर होता. पण एकच बाटली, तीही अर्धवट भरलेली, आणि जंतू असा जो सुई टोचताना कातडीवरून आत येतो, यातून खरं-खोटं ठरवताच येत नाही. पेशंटचं बीपी नीट, दम नाही, म्हणून अँटिबायोटिक दोन दिवस थांबवलं आणि परत कल्चर काढली.

तीन सेट, प्रत्येक वेळी वेगळी शीर, दोन सेटमध्ये अर्धा तास, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्यात एक तास. प्रत्येक सेटला दोन बाटल्या, एक हवेची एक बिनहवेची, प्रत्येकीत ८ ते १० मिली. कातडीला स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं, पुसल्यावर शिरेला परत बोट लावायचं नाही, बाटलीचं रबरी तोंडही स्पिरिटनं पुसायचं (झाकण काढलं म्हणजे आत निर्जंतुक असतंच असं नाही), आणि आधीच घातलेल्या सलाईनच्या नळीतून काढायचं नाही. ताप चढायची वाट बघायची गरज नाही, या आजारात जंतू रक्तात सतत झिरपत असतो. पण एका मिलीत ते मोजकेच असतात, म्हणून रक्त कमी तर जंतू सापडायची शक्यताही कमी, एवढा साधा हिशोब आहे.

दुसऱ्या दिवशी तिन्ही सेट पॉझिटिव्ह, व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकोकस, तोंडात राहणारा. दाढेचं कोडं सुटलं.

आता गंमत बघा, हाच माणूस वेगवेगळ्या काळात कुठं बसतो ते. १९८१ ला फॉन राइन आणि सहकाऱ्यांचे या निदानाचे निकष आले, त्यात 'नक्की' म्हणायला झडपेचा किंवा निघालेल्या गुठळीचा तुकडा लागायचा, ऑपरेशनमधून नाहीतर पोस्टमॉर्टेममधून, इकोला जागाच नव्हती. त्या हिशोबानं हा फक्त 'बहुतेक'. १९९४ ला ड्यूक विद्यापीठातल्या ड्युरॅक यांच्या टीमनं इको आत घेतलं आणि मोठे-छोटे निकष केले. दोन मोठे, किंवा एक मोठा आणि तीन छोटे, किंवा पाच छोटे, असले की नक्की. याचं कल्चर हा एक मोठा, जुनी झडप, ताप आणि तळव्यावरचे डाग हे तीन छोटे, म्हणजे इको धूसर असूनही 'नक्की'. २००० ला सुधारणा झाली, 'शक्यता' म्हणायला किमान एक मोठा अधिक एक छोटा किंवा तीन छोटे हवेत असं ठरलं, नाहीतर तोवर त्या खान्यात कोणीही ढकललं जायचं. कल्चरच्या आधी आमचा गडी तीन छोट्यांवर तिथंच होता.

२०२३ च्या सुधारणेत पेट-सीटी, हार्टचा सीटी, ऑपरेशनमध्ये सर्जननं डोळ्यांनी बघितलेलं हेही धरलं, आणि कल्चरसाठी वेगळी शीर आणि वेळेचं अंतर ही अटच काढली. हे वाचून काही जणांनी एकाच टोचण्यात सगळ्या बाटल्या भरायला सुरुवात केली, माझं मत वेगळं आहे. अट निकषातून गेली, कातडीवरचा स्टॅफ कुठं गेलाय? वेगळ्या जागेतून काढलं तरच एक पॉझिटिव्ह आणि तीन पॉझिटिव्ह यातला फरक कळतो.

सेफ्ट्रायॅक्सोन चालू केलं, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत १३ मिलीमीटरचं व्हेजिटेशन दिसलं आणि झडप जोरात गळत होती. सहाव्या रात्री गडी उशीला टेकून बसलेला, आडवा झाला की दम लागतोय, फुप्फुसात पाणी.

एवढ्या तापत्या इन्फेक्शनमध्ये झडप बदलायची हिंमत १९६५ ला ड्यूकमध्येच झाली, महाधमनीच्या झडपेवर क्लेबसिएला, औषध हरलेलं, झडप बदलली आणि माणूस वाचला. तोवर आधी जंतू मारा मग कापा असंच होतं. आज ऑपरेशनची मुख्य कारणं तीन, हार्ट फेल होणं, इन्फेक्शन आवरत नसणं (गळू, बुरशी, आठवडाभर औषध देऊनही कल्चर पॉझिटिव्ह) आणि गोळा सुटून मेंदूत जायची भीती. तिसऱ्यावर २०१२ चा कोरियातला अभ्यास आहे, झडप खूप खराब आणि गोळा १० मिलीमीटरपेक्षा मोठा असलेले ७६ पेशंट. ४८ तासांत ऑपरेशन केलेल्या ३७ पैकी एकालाच हॉस्पिटलमध्ये मृत्यू किंवा सहा आठवड्यांत गोळा सुटणं यातलं काही झालं, नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्या ३९ पैकी नऊ जणांना. पण त्या अभ्यासात जास्त हार्ट फेल झालेले घेतलेच नव्हते, त्यांच्यात थांबायचा प्रश्नच येत नाही. आमच्या गड्याला पहिलंच कारण लागू पडलं, मेंदूचा सीटी करून, रक्तस्राव नाही बघून, सातव्या दिवशी झडप बदलली.

काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजीला जंतूंचे पुंजके दिसले, म्हणजे १९८१ च्या हिशोबानंही तो आता 'नक्की' झाला. तुकड्याच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही, म्हणून चार आठवडे ऑपरेशनच्या दिवसापासून नवे न मोजता रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं त्या दिवसापासून मोजले. उरलेली इंजेक्शनं वॉर्डातच झाली आणि जाताना किडकी दाढ काढून गेला.