नाव नोंदवणे आणि ऑर्डर देणे : दिवाळीच्या शिलाईच्या जाहिरातीतील फरक

दसऱ्यानंतर साधारण २० दिवसांनी लक्ष्मीपूजन येते आणि या अवधीत कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंतच्या शिलाईच्या दुकानांतून ‘बुकिंग सुरू’ असे फलक व संदेश दिसू लागतात. या ‘बुकिंग’चा अर्थ गिऱ्हाईक एक लावते आणि शिंपी दुसरा.

नाव नोंदवले म्हणजे फक्त माप घेण्याची वेळ राखली गेली. ऑर्डर मात्र कापड, माप आणि आगाऊ रक्कम दुकानात पोहोचल्यावर होते, कारण शिलाईचे दिवस त्या क्षणापासून मोजले जातात. फोनवर नाव कळवून निश्चिंत झालेल्या गिऱ्हाइकाचे कापड अजून घरच्या कपाटातच असते आणि कारागिराच्या हाती कापायला काहीच नसते.

समजा, दुकानात दोन कारागीर आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज शिवतो. १५ दिवसांत १२० ब्लाउज होतात, म्हणून मालकाने १२० नावे घेतली. पहिल्या १२ दिवसांत ८० जणींनीच कापड आणून दिले, उरलेल्या ४० जणी शेवटच्या तीन दिवसांत आल्या. तीन दिवसांत २४ ब्लाउजच निघतात. १६ जणींचे काम दिवाळीपूर्वी होत नाही, आणि आधी रिकामी गेलेली मशीन ती भरपाई करू शकत नाही. येथे शिंप्याने कबूल केलेली तारीख मोडली असे वाटते, पण खरी चूक जाहिरातीतच होती.

म्हणून जाहिरात थोडक्यात, पण अशी लिहावी :

‘दिवाळीची ब्लाउज शिलाई. कापड व माप ५ ते २० ऑक्टोबर, सकाळी ११ ते रात्री ८. अस्तरासह शिलाई ४५० रुपये. फॉल-पिको १०० रुपये वेगळे. व्हॉट्सॲपवर नाव कळवल्यास माप घेण्याची वेळ राखून ठेवू. कापड, माप आणि १५० रुपये आगाऊ मिळाल्यावरच ऑर्डर नोंदवू व पावतीवर देण्याची तारीख लिहू.’

येथील तारखा आणि दर नमुन्यादाखल आहेत. ‘अस्तरासह’ हा शब्द मात्र गाळू नये, कारण फक्त ‘शिलाई ४५०’ असे लिहिल्यास अस्तराचे पैसे वेगळे की त्यातच, यावरून कपडा नेताना हमखास वाद होतो. आगाऊ रक्कम एकूण शिलाईतून वजा होते, हेही पावतीवर लिहिलेले बरे.

आपली ऑर्डर झाली की नाही, हे गिऱ्हाइकाला ओळखणे सोपे आहे : हाती क्रमांकाची पावती असावी, तिला कापडाचा छोटा तुकडा टाचलेला असावा आणि तिच्यावर देण्याची तारीख असावी. फोनमध्ये नुसते ‘नाव घेतले’ एवढेच उत्तर आले असेल, तर कापड घेऊन दुकान गाठायचे अजून बाकी आहे.